डेमोसाठी कधीही उपलब्ध

कोल्हापूरच्या राजारामपुरीत हल्ली मान वर करून चालायची सोय उरलेली नाही. जिकडं बघाल तिकडं फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर पोरांचे चेहरे. सीईटीला अमुक पर्सेंटाइल, नीटला तमुक मार्क. बरं, चेहरे तरी वेगवेगळे असावेत की नाही? एकच चष्मेवाली पोरगी एका गल्लीत एका अकॅडमीच्या बोर्डावर हसतीय, पुढच्या गल्लीत दुसऱ्या अकॅडमीच्या बोर्डावर हसतीय. पोरगी एक, आणि तिला घडवणारे चौघं! लाज म्हणून काही असती, ती ह्या लोकांनी फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स देतानाच गहाण टाकलेली दिसतीय.

अशाच एका बोर्डाखाली संघप्रिया उभी होती. हातात फाइल, पिशवीत तिचे स्वतःचे खडू. अकॅडमीत पांढरा बोर्ड आणि मार्कर असणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं खडू घेतले होते. कोडोलीत दहा-बारा वर्षं केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईची ती सवय. घराच्या पुढच्या सोप्यात फळा, पोरांना बसायला सतरंजी, दहावीच्या सायन्सचे आणि अकरावी-बारावीचे क्लास सकाळ-संध्याकाळ. एम.एस्सी. झालेली, बी.एड. झालेली. सरकारी भरती निघेल निघेल म्हणता म्हणता वयाची पस्तिशी उलटलेली.

त्या सोप्यात एके काळी चपला ठेवायला जागा पुरायची नाही. आता सतरंजीचा अर्धा भाग मोकळा. गावात अकॅडमीच्या बस यायला लागल्या, पिवळ्या, एसीवाल्या. पोरं सकाळी त्यात चढायची आणि अंधार पडताना उतरायची. दूध संस्थेतल्या आकारामनं आपली लेक वर्षाराणी दहावीपर्यंत संघप्रियाकडं ठेवली आणि अकरावीला काढून घेतली. वर दारात येऊन सांगून गेला, "राग मानू नका मॅडम. तुमचं शिकवणं येक नंबर. पण तितं आयआयटीवालं सर शिकवत्यात म्हणं."

संघप्रिया रागावली नाही. तिला वाटलं, खरंच असेल. पोरं जिथं जातात तिथं आपण गेलं पाहिजे, इथं मोकळ्या सतरंजीकडं बघत बसून काय होणार?

तिची आई बायडाबाई म्हणाली, "जा की मग. तुजं डोस्कं हितं गंजाय लागलंय."

तर जाहिरात आली होती व्हॉट्सॲपवर. अग्रक्रम सायन्स अकॅडमीला केमिस्ट्रीसाठी शिक्षक पाहिजेत. शिकवत असलेले विषय, मागील विद्यार्थ्यांचे निकाल, डेमो लेक्चरसाठी उपलब्धता कळवावी. संघप्रियानं बसून नीट अर्ज लिहिला. विषय: बारावी केमिस्ट्री पूर्ण, अकरावी केमिस्ट्री, गरज पडली तर अकरावी फिजिक्स. निकाल: कोण फार्मसीला गेलं, कोण आयुर्वेदाला, सीईटीत केमिस्ट्रीला कुणाला किती पर्सेंटाइल. खोटं एक अक्षर नाही. इतकं की एक पोरगा बारावीला नापास झाला होता तेही तिनं लिहिलं, आणि पुढं लिहिलं की पुरवणी परीक्षेत निघाला. कोण लिहितं असं? पण ती लिहिणारी. आणि उपलब्धतेपुढं तिनं लिहिलं, "कधीही."

हे एक चुकलं बघा. पण भुकेलेला माणूस ताटाची वेळ विचारत नाही.

दुसऱ्याच दिवशी फोन. उद्या सकाळी साडेसातला डेमोला या. संघप्रियानं रात्रभर बसून केमिकल बाँडिंगची तयारी केली. तिचा हातखंडा धडा. पहिल्या एसटीनं आली, स्टँडवरनं चालत राजारामपुरी गाठली, आणि आता बोर्डाखाली उभी राहून पदरानं तोंड पुसत होती.

अकॅडमी चालवणारे उदयसिंह सर केबिनमध्ये होते. सर म्हणायचं ते चालवतात म्हणून. गडी आयुष्यात वर्गावर उभा राहिलेला नव्हता. आधी प्लॉटिंग करायचा, मग ह्या धंद्यात आला. समोर भिंतीवर कॅमेऱ्यांचा मोठा पडदा, त्यात सगळे वर्ग दिसत होते.

"बसा मॅडम. कोडोलीच्या व्हय?" त्यानं मोबाइलवर अर्ज वरखाली केला. "कोडोलीत कुठं? गावात, का…?"

त्या 'का'च्या पुढं काय आहे हे संघप्रियाला शाळेपासनं पाठ होतं. गावात, का गावाबाहेर. म्हणजे कुठल्या आळीतली, म्हणजे कोण. एम.एस्सी. केली तरी हा प्रश्न आधी, आणि केमिस्ट्री मागनं.

"बुद्धविहाराजवळ," ती सरळ म्हणाली.

"असू दे, असू दे. आमच्याकडं तसलं काय नसतंय," तो उदारपणे म्हणाला. काय नसतंय तर विचारलंस कशाला रं बाबा? पण हे मनातल्या मनात. नोकरी पाहिजे होती.

"ह्ये नापास पोराचं कशाला लिवलासा?"

"झाला होता म्हणून."

तो मोठ्यानं हसला. "लई साध्या हाईसा मॅडम. बरं, आज सॉल्ट हायड्रोलिसिस घ्या. तितनं पुढं."

"मी बाँडिंग तयार करून आले होते."

"बाँडिंग अकरावीचं. आमाला बारावीचं बघायचं हाय. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला तयारी कशाला लागती?"

ते एका अर्थी खरंही होतं. हायड्रोलिसिस ज्यात येतं तो आयनिक इक्विलिब्रियाचा धडा संघप्रियाला झोपेत विचारला तरी येत होता. ती वर्गात गेली.

सत्तर-एक पोरं होती. तिच्या छातीत धस्स झालं, पण ते आनंदाचं. किती वर्षांनी एवढी डोकी एकत्र बघत होती! आधी पीएचची उजळणी घेऊ म्हणून तिनं सुरुवात केली, तर पुढच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, पीएच झालंय. परवाच्या सरांनी घेतलंय." तिनं मान हलवली. असतील कोणी जुने सर, सोडून गेले असतील, म्हणूनच तर जागा निघालीय. तिनं अमोनियम क्लोराइड पाण्यात टाकलं तर पाणी आम्लधर्मी का होतं, सोडियम ॲसिटेट टाकलं तर अल्कधर्मी का होतं, तिथनं धरलं. पोरं आधी पेंगत होती. मग एक मान वर झाली, मग दुसरी. तास संपला तेव्हा मागच्या बाकावरची दांडगी पोरंसुद्धा लिहून घेत होती.

तिसऱ्या बाकावर मान खाली घालून वर्षाराणी बसली होती. आकारामची लेक. दोघींची नजरानजर झाली आणि पोरगी लालभडक झाली. सोडून गेलेली विद्यार्थिनी, तिला वाटलं असेल आता मॅडम काय म्हणतील. संघप्रिया नुसती हसली. तास सुटल्यावर पोरगी गर्दीत पसार झाली.

"फस्क्लास!" उदयसिंह केबिनमध्ये म्हणाला. "मी हितनं बघत हुतो. पण आमचं एक पार्टनर आज न्हवतं. उद्या त्येंच्यापुढं येक डेमो द्या. बफर सोल्युशन घ्या."

संघप्रिया हवेत तरंगत घरी गेली. आईला म्हणाली, "दुसऱ्या फेरीला बोलावलंय." बायडाबाईनं शेजारपाजारी सांगून टाकलं की लेक कोल्हापुरात लागली.

दुसऱ्या दिवशी बफर. ॲसिटिक ॲसिड आणि सोडियम ॲसिटेट, वरनं ॲसिड पडो की बेस, पीएच जाग्यावर. पोरांना समजंना, तेव्हा ती म्हणाली, "घरात एक जाऊ असती बघा, सासूचं पण पोटात घालती आणि धाकट्या जावंचं पण, म्हणून घर तापत नाही. ती जाऊ म्हणजे बफर." वर्ग खदखदला. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात बफर न्हाई!" पार्टनर म्हणून कोण मागं बसलं होतं का हे बघायचं भान संघप्रियाला राहिलं नाही. कोणी बसलं नव्हतं.

"आता येकच फायनल," उदयसिंह म्हणाला. "सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट आणि कॉमन आयन. त्ये झालं की आपण बसून बोलूया."

तिसऱ्या दिवशी तिनं ते घेतलं. वडापच्या जीपमध्ये आधीच माणसं कोंबलेली असली की नवीन पावण्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही, तसं पाण्यात क्लोराइड आधीच भरपूर असलं की सिल्व्हर क्लोराइड विरघळायचं नाव घेत नाही. गणितं सोडवून घेतली. रविवारी ह्या धड्यावर टेस्ट आहे असं पोरांनी सांगितलं, म्हणून कुठं चुकायची शक्यता आहे तेही लिहून दिलं. घंटा झाली. ती हात झटकत म्हणाली, "झाला धडा पुरा. आता पुढचा थर्मोडायनॅमिक्स. तो आपण…"

वर्गात हसू फुटलं. चांगलं मोकळं हसू, तिच्यावर नव्हे, सवयीचं.

"त्यो पुढचा डेमो घेणार मॅडम," मागनं कुणीतरी म्हणालं.

तिला कळलं नाही. वर्ग रिकामा झाला. ती फाइल भरत होती, तेव्हा वर्षाराणी दाराशी घुटमळत उभी राहिली.

"मॅडम, मी सांगितलो म्हणून कुणाला सांगू नका."

"काय गं?"

"आमाला केमिस्ट्रीला सर न्हाईत. जूनपासनं न्हाईत. सगळं डेमोच चाललंय." पोरगीनं एका दमात सांगून टाकलं. "सॉलिड स्टेट येका सरांनी अर्धं घेतलं, उरल्यालं दुसऱ्या मॅडमनी. सोल्युशन्सला तर रोज नवीन माणूस. एक सर सांगलीचं हुतं, एक इचलकरंजीचं. येकानं शिकवल्यालं दुसरा खोडतोय, चिन्हंसुदीक वेगळी लिवत्यात. पोरं पैज लावत्यात, हे किती दिवस येतील म्हणून. तुमी तीन दिवस आलासा, म्हंजे लई झालं."

"आणि ते आयआयटीवाले सर?"

"पोस्टरवर हाईत की."

संघप्रिया बाकावर बसली. तिला आधी राग आला नाही, आधी किळस आली. आपण एसटीत उभं राहून येत होतो. साडीला इस्त्री करून येत होतो. रात्री बसून गणितं काढत होतो. आणि तिकडं केबिनमध्ये तो माणूस पडद्यावर बघत, चहा पीत, एकेक टॉपिक उरकून घेत होता. फुकट. वर पार्टनर बघायला येणार म्हणून सांगत होता. अरे, शेतात रोजानं आलेल्या बाईलासुद्धा संध्याकाळी हातावर काहीतरी ठेवतात! आणि हे शिक्षणाचं दुकान, भिंतीवर सरस्वतीचा फोटो लावून.

आणि पोरं? त्यांच्या आईबापांनी दोन वर्षांची फी आधी भरलेली. त्यांच्या पदरात काय, तर रोज नवा पाहुणा.

"तू बाबाला सांगितलं नाहीस?" तिनं विचारलं.

"काय सांगू? तुमचं सोडून हितं मीच हट्ट करून आलतो," वर्षाराणी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मॅडम, रविवारची टेस्ट मला चांगली जाईल बघा. पैल्यांदाच सगळं समजलंय."

तेवढं एक वाक्य त्या इमारतीत खरं होतं. संघप्रियानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती केबिनकडं निघाली.

तिला वाटलं होतं, तोंडावर विचारलं की माणूस वरमेल. निदान खोटं तरी बोलेल. पण उदयसिंह दगडाचा.

"बसा मॅडम, बसा. पोरांनी सांगितलं वाटतं. सांगत्यात ती." त्यानं तिच्यासाठी चहा मागवला. "यात चोरी कुटं हाय, मला सांगा. अर्ज तुमी केला. डेमोला तुमी तयार हुता. मी काय बंदूक लावून आणलो का तुमाला?"

"तीन डेमो? पार्टनर बघणार म्हणून?"

"मॅडम, धंद्याचं सांगतो. कायमचा मास्तर ठिवला की दोन म्हैन्यात आळशी हुतोय. पगार वाढवा म्हणतोय, मग पोरं फोडून समोरच्या गल्लीत स्वतःचा क्लास काढतोय. आणि डेमोला आलेला माणूस?" तो पुढं झुकला. "जीव तोडून शिकवतोय. तुमीच सांगा, तीन दिवस जेवढं जीव टाकून शिकवलासा, तेवढं पगारी माणूस रोज शिकवंल?"

वाईट माणसाच्या तोंडून अर्धं खरं आलं की ते जास्त लागतं. ती जीव टाकून शिकवत होती ते नोकरी मिळावी म्हणूनच. त्याला तिच्या त्या आशेचाच भाव कळला होता, आणि तो ती फुकट घेत होता. समोरच्या चहावर साय धरली, तिनं हात लावला नाही.

"मग नोकरी नाहीच म्हणा की," ती उठत म्हणाली.

"कोण म्हणलं न्हाई? बसा तर." आणि त्यानं खरा डाव टाकला. "शिकवायला माणसं ढिगानं मिळत्यात. मला पायजे कोऑर्डिनेटर. बाहेर काउंटरवर पोरगी हाय, तिला विषयातलं काय कळत न्हाई. ती थर्मोच्या माणसाला इलेक्ट्रोकेमिस्ट्री देती, गोंधळ हुतोय. तुमाला विषय कळतोय. अर्ज बघायचं, कोण कुठला टॉपिक बरा घेईल ते ठरवायचं, फोन करून डेमो लावायचं. म्हैन्याला पगार. पक्का. नाव दारावर लावू. पुढच्या वर्षी कोडोलीत शाखा काढली तर तुमच्याच हातात."

आता इथं खोटं कशाला बोला. संघप्रिया बसली. दारावर नाव, महिन्याला पगार, गावात शाखा. बायडाबाईनं गल्लीभर सांगून ठेवलेलं. आज घरी जाऊन 'नाही झालं' म्हणायचं, आणि पुन्हा त्या मोकळ्या सतरंजीपुढं बसायचं. तिच्या मनात असंही येऊन गेलं की आपण इथं राहिलो तर निदान टॉपिक तरी ओळीनं लागतील, पोरांचे हाल कमी होतील. माणूस घाणीत पाय टाकताना असंच काहीतरी चांगलं कारण शोधतो.

उदयसिंहनं मोबाइल तिच्यापुढं सरकवला. "ह्ये बघा अर्ज."

अर्जावर अर्ज. विषय, निकाल, उपलब्धता. मिरजेची एक बाई, जयसिंगपूरचा एक रिटायर मास्तर, गडहिंग्लजचा एक पोरगा. सगळ्यांनी आपापल्या विद्यार्थ्यांची नावं लिहिलेली, अभिमानानं, एकेक मार्क. काहींनी फोटो लावलेले, पोरांच्या खांद्यावर हात ठेवून.

"कुणाला आधी बोलवायचं ह्याची येक युक्ती हाय," तो म्हणाला. "ज्यांनी 'रविवारीच' नाहीतर 'संध्याकाळी सहानंतर' असं लिवलंय, त्यांना सोडायचं. ती माणसं हिशोबी. ज्यांनी 'कधीही' लिवलंय ती घ्यायची. त्यास्नी गरज असती. ती तीन-तीन, चार-चार डेमो देत्यात."

तो ते सहज म्हणाला, बाजारात मेथीची जुडी निवडायची कशी हे सांगावं तसं. संघप्रियाला आपला अर्ज आठवला. कधीही.

"आता असं करा," तो म्हणाला, "थर्मोडायनॅमिक्ससाठी येक माणूस निवडा आणि माझ्यासमोर फोन लावा. तुमचं बोलणं कसं हाय ते बघू. मग फायनल करू."

म्हणजे हाही डेमोच! कोऑर्डिनेटरचाही डेमो! बाहेर काउंटरवरची पोरगीसुद्धा कधीपासनं 'बघू, मग फायनल करू' वर बसलीय कोण जाणे. ह्या इमारतीत झाडूवालीलासुद्धा आधी एक मजला फुकट झाडून दाखवावा लागत असणार!

आणि तरी तिनं फोन उचलला.

अर्ज शाहूवाडीकडचा होता. नाव पिराजी, एका विनाअनुदानित ज्युनियर कॉलेजात शिकवतो, निकालात वाडीवस्तीवरच्या पोरांची नावं, डेमोसाठी 'कधीही, कितीही वेळ.' उदयसिंहनं स्वतः स्पीकर चालू केला.

"हॅलो, पिराजी सर का? मी अग्रक्रम अकॅडमीतून बोलतीय. तुमचा अर्ज…"

"व्हय व्हय मॅडम! मीच! बोला की!" तिकडं एकदम गडबड झाली, माणूस उठून उभा राहिला असावा. "थांबा हं, जरा रेंजमध्ये येतो. हां. बोला. कवा येऊ? उद्या येऊ? कॉलेजात रजा टाकतो मी. कुठला टॉपिक घेऊ? काय बी सांगा, तयार हाय आपण. माझी पोरं बघितलासा न्हवं अर्जात? येकजण नर्सिंगला लागली, मॅडम, तिच्या वाडीत पैली!"

उदयसिंहनं अंगठा वर केला. छान चाललंय.

संघप्रियाला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, तीनच दिवसांपूर्वीचा.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका."

"आँ?"

"इथं जागा नाही. हे लोक डेमोच्या नावाखाली अख्खा धडा फुकट शिकवून घेतात. माझ्याकडनं तीन दिवस घेतला. जूनपासनं असंच चाललंय. तुमची रजा, एसटीचं भाडं घालवू नका. मी मनापासून सांगतीय."

तिनं उदयसिंहकडं बघितलं. आता हा फोन हिसकावून घेणार. पण तो हलला नाही. खुर्चीत मागं रेलून नुसता बघत राहिला.

तिकडं माणसाचा सूर बदलला.

"मॅडम, तुमी कोण?"

"मी पण अर्ज केला होता तुमच्यासारखाच."

"अस्सं. म्हंजे त्या जागेला तुमी पण हाईसा." त्याचा आवाज कापायला लागला, पण रागानं. "मॅडम, मी तुमचं काय वाईट केलंय? दहा वर्षं बिनपगारी काढलीत मी. आज पैल्यांदा मोठ्या अकॅडमीतनं फोन आलाय. तुमाला पायजे तर तुमी घ्या की जागा, पण मला निदान फळ्यापुढं तरी उभारू द्या. गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका."

"सर, ऐका तर, मी खरंच…"

उदयसिंहनं शांतपणे मोबाइल स्वतःकडं ओढला. आवाज साखरेसारखा केला.

"नमस्कार पिराजी सर, मी डायरेक्टर उदयसिंह बोलतोय. मनावर घेऊ नका. त्या मॅडम डेमोत बसल्या न्हाईत, त्यामुळं जरा बोलून गेल्या."

"तरीच!" पिराजी सुटकेचा श्वास सोडून म्हणाला. "तरीच की सर! मला शंका आलीच हुती!"

"उद्या साडेसातला या. थर्मोडायनॅमिक्स, पैल्यापासनं."

"येतो सर. लई उपकार झालं. सर, आणि त्या मॅडमचं कायबी ऐकू नका माझ्याबद्दल."

फोन बंद झाला. उदयसिंहनं तो उलटा करून टेबलावर ठेवला. जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता त्याच्या तोंडावर. रोजचं काम झालं होतं.

"बघितलासा?" तो म्हणाला. "मी कुणाला फसवत न्हाई मॅडम. चहा घ्या, गार झाला."

संघप्रिया उठली. एक सणसणीत शिवी तिच्या ओठापर्यंत आली होती, कोडोलीची, चांगली भरदार. पण ती शिवी कुणाला द्यायची तेच तिला कळेना. ह्याला? त्या पिराजीला? तो तर उद्या इस्त्रीचा शर्ट घालून अंधारात घाट उतरणार, पोरांपुढं जीव तोडणार, आणि वर ह्या माणसाचे उपकार मानणार.

तीन दिवसांपूर्वी आपल्याला कुणी असा फोन केला असता तर? कुणी अनोळखी बाईनं, येऊ नका, फसवणूक आहे म्हणून सांगितलं असतं तर?

जिना उतरताना तिला उत्तर कळलं. आपणही म्हणालो असतो, ही जळती आमच्यावर. आपणही आलो असतो. पहिल्या एसटीनं.